सतरा गोळ्यांचे मास्तर

आमचे मास्तर वेडे होते असं चाळीतली मोठी माणसं म्हणायची. आम्हा पोरांना तसं वाटत नव्हतं. आम्हाला वाटायचं, हा माणूस मोजत असतो आणि मोजणाऱ्याला मध्ये थांबवलं की तो चिडतो, एवढंच.

घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ. मास्तर शेवटच्या खोलीत एकटे. लग्न केलं नाही. का नाही, ते कुणी विचारलं तर म्हणत, "एकाला एकानं भागलं तर एकच येतो, मग भागायचं कशाला?" ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही आणि लागलाच पाहिजे असंही नाही.

मी जास्त शिकलेला नाही. मराठी चौथी पास आणि पुढे दोन वर्षं ओढत नेली, मग विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो तो म्हातारा होऊनच बाहेर पडलो. लिहायची सवय नाही. पण ही गेल्यापासून दुपार जात नाही. नातू म्हणाला, आजोबा, काहीतरी लिहा. म्हटलं, काय लिहू. तर मास्तरच आठवले. त्यांच्याबरोबर हीसुद्धा आठवली, कारण ह्या गोष्टीतली शालू म्हणजे पुढे माझी बायको झाली. आधीच सांगून टाकतो. शेवटी उघड करून कुणाला चकित करायची मला हौस नाही.

मास्तर घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजत जायचे, तोंडाने, मोठ्यानं. तीनशे बारा, तीनशे तेरा. मध्ये कुणी नमस्कार केला तर उभे राहत, नमस्कार परत करत आणि मागे फिरून पुन्हा दारापासून सुरू करत. आम्हाला हे कळल्यावर काय विचारता. रोज सकाळी एकेक जण पाळीनं उभा. दुधाच्या केंद्रापाशी बाळ्या, "मास्तर, नमस्कार." मास्तर मागे. पिंपळापाशी गण्या, "मास्तर, नमस्कार." मास्तर पुन्हा मागे. एकदा पहिला तास संपत आला तरी मास्तर शाळेत पोचले नव्हते. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं तर म्हणाले, विद्यार्थी नम्र निघालेत, त्याला मी काय करू.

घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. "मास्तर, किती वाजले?" असं विचारलं की म्हणत, "मोज." काय मोजायचं ते सांगत नसत. आमच्या आईला हे बिलकूल आवडत नसे. ती मालवणची. म्हणायची, "ह्येका इचारण्यापेक्षा भोंगो वाजायची वाट बघलेली बरी."

सदऱ्याचं प्रत्येक बटण वेगळ्या रंगाचं. तुटलं की मिळेल ते शिवायचे. एक तर साडीच्या ब्लाऊजचं होतं, गुलाबी.

हे असले मास्तर मला चौथीत गणिताला आले आणि माझी वाट लागली.

तोपर्यंत माझं गणित बरं चाललं होतं, कारण तिसरीतल्या बाईंची सगळी भागाकाराची गणितं पुरी भागली जायची. बाराला तीन, वीसला पाच, अठराला सहा. शेवटी शून्य आलं की पाटीवर बरोबरची खूण. त्यातून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, की उरलं म्हणजे चुकलं. मास्तरांनी पहिल्याच चाचणीत तेवीसला चार घातलं. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा तीन उरले. मग मी ते तीन थुंकी लावून पुसले आणि खाली शून्य लिहिलं.

मास्तरांनी पाटी बघितली, माझ्याकडे बघितलं. मारलं नाही. म्हणाले, शनिवारी शाळा सुटल्यावर खोलीवर ये.

शनिवारी सकाळची शाळा. मी घाबरत गेलो. मास्तरांनी कागदाची पुडी पुढे केली. आत लिमलेटच्या गोळ्या, पिवळ्या, नारिंगी. कोपऱ्यावरचा दुकानदार आण्याच्या सोळा द्यायचा. मास्तर ओळखीचे म्हणून वर एक टाकायचा. सतरा. त्या वरच्या एका गोळीनं माझा घात केला. सोळा असत्या तर पुढचं बरंच काही घडलंच नसतं.

मास्तर म्हणाले, "तुझ्या टोळीत वाट. सगळ्यांना सारख्या. फोडायच्या नाहीत. उरलं ते माझ्याकडे परत आण."

टोळी म्हणजे आम्ही पाच. मी, बाळ्या, गण्या, जयंती आणि शालू. बाळ्या दांडगा. गण्या खादाड. जयंती गुजराती, त्याच्या बापाचं कापडाचं दुकान, तो बोलायचा कमी आणि बघायचा जास्त. आणि शालू आमच्या शेजारच्या खोलीतली, सगळ्यांत लहान, पण जिभेनं नाही.

ओट्यावर बसून मी वाटायला घेतल्या. प्रत्येकाला एक. पाच गेल्या, बारा राहिल्या. आणखी एक फेरी, राहिल्या सात. तिसरी फेरी, राहिल्या दोन. प्रत्येकाच्या पुढ्यात तीन तीन आणि कागदावर दोन. चौथी फेरी सुरू केली असती तर दोघांना मिळाली असती आणि तिघं बोंबलले असते. सगळ्या परत गोळा केल्या, पुन्हा वाटल्या. पुन्हा दोन. बाळ्या म्हणाला, तुला मोजता येत नाही. त्यानं वाटल्या. दोन. गण्यानं मास्तरांची नजर नाही असं बघून एक गोळी दगडानं फोडून बघायचं सुचवलं. शालू म्हणाली, "फोड. अर्धी होईल आणि अर्धीचा भुगा होईल. भुगा कोण चाटणार, तूच ना?"

सगळे आपापल्या तीन घेऊन गेले. मी त्या दोन गोळ्या मुठीत धरून पाण्याच्या टाकीमागे उभा. उरलं म्हणजे चुकलं. चुकलेलं मास्तरांपुढे नेऊन ठेवायचं कसं? मी दोन्ही तोंडात टाकल्या आणि कडाकडा चावून गिळल्या. पाटीवरची थुंकी नि ही एकच अक्कल.

मास्तरांनी विचारलं, उरलं काही? म्हटलं, नाही. किती जण होतात? पाच. प्रत्येकाला किती? तीन. ते म्हणाले, "ताळा कर."

ताळा म्हणजे उलटं गुणून बघायचं. पाच त्रिक पंधरा. मी पंधरावर थांबलो. मला दोन कुठनं आणावेत ते सुचेना.

"पाच त्रिक पंधरा, आणि तोंडाला वास येतोय ते दोन, असे सतरा," मास्तर म्हणाले. "गणित बरोबर आहे रे तुझं. खोटं तेवढं चुकलं. उरलं म्हणजे चुकलं नाही. उरलं म्हणजे उरलं. त्याला बाकी म्हणतात आणि ती लिहायची असते, खायची नसते."

पुढच्या शनिवारी पुन्हा सतरा देतो म्हणाले.

तो आठवडाभर मी चिंचोके घेऊन बसलो. सतरा चिंचोके, आणि फरशीवर खडूनं गोल काढायचे, एक गोल म्हणजे एक पोरगा. दोन गोलांत आठ आठ, उरला एक. तीन गोलांत पाच पाच, उरले दोन. चार गोलांत चार चार, एक. पाचात तीन तीन, दोन. मला वाटायचं, पोरं वाढवली की उरणार कमी. सहा गोल काढले तर दोन दोनच गेले आणि उरले पाच. मी चिंचोके फेकून दिले आणि मग वेचून आणले. सातात दोन दोन, उरले तीन. आठात दोन दोन, उरला एक. नवात एक एक, आणि उरले आठ. आठ. वाटलेल्यापेक्षा एकच कमी.

एक मात्र दिसलं. सहा पोरं असली की फार तर पाच उरतात, सहा कधी उरत नाहीत. नऊ पोरं असली की फार तर आठ. कारण पोरांइतके उरले तर आणखी एक फेरी होतेच की. हे मला कुणी शिकवलं नाही, चिंचोक्यांनी शिकवलं, म्हणून अजून विसरलो नाही. पण कुठल्याच आकड्यानं शून्य येईना. सतरा फक्त एकट्याला पुरे जातात, नाहीतर सतरा जणांना एकेक. मधल्या कुणाचंच ते ऐकत नाहीत.

मग मी हुशारी केली. पाचात उरतात दोन, चारात उरतो एक. वर प्रत्येकाला तीनच्या जागी चार. एक जण कमी केला की सगळ्यांचंच भलं. कोण कमी करायचा, तर शालू. लहान, आणि मुलगी, आणि सागरगोट्यांत सारखी जिंकायची. बाळ्याला पटलं, गण्याला तर लगेच पटलं, जयंती काही बोलला नाही.

शनिवारी ती ओट्यावर येऊन बसली तेव्हा मी तिला सांगितलं, सतरा चारात बरे बसतात. ती उठली, परकर झटकला आणि गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

चार चार वाटल्या, एक उरली. ती मी ऐटीत नेऊन मास्तरांच्या हातावर ठेवली आणि न विचारता ताळा करून दाखवला. चार चोक सोळा आणि एक, सतरा.

मास्तर म्हणाले, छान. पाचवी कुठं आहे?

मी म्हटलं, काढली. हिशेब बरा बसतो.

"मग बाळ्यालाही काढ," ते म्हणाले. "गण्याला काढ, जयंतीला काढ. एकट्यात सतराच्या सतरा, बाकी शून्य. त्याच्याएवढा चोख हिशेब दुसरा नाही."

तेव्हा मला हे टोमणा म्हणूनसुद्धा कळलं नाही. मी खरंच क्षणभर विचार केला, की हे आधी कसं सुचलं नाही. आता कळतं. आता ह्या दोन खोल्यांत मी एकटाच आहे. सून डबा पाठवते, त्यात चार पोळ्या असतात, चारी माझ्याच. भांडण नाही, वाटणी नाही, काही उरलं तर कुणाला दाखवायचं नाही. हिशेब इतका चोख आहे की ताटावरून उठून जावंसं वाटतं. असो.

मास्तरांनी ती गोळी माझ्याच हातात परत दिली आणि म्हणाले, जिची आहे तिला देऊन ये.

शालू नळावर कळशी भरत होती. मी गोळी पुढे केली. तिनं बघितली पण हात लावला नाही.

"उरलेली ना?" ती म्हणाली.

"हो. पण गोड आहे."

"मोजताना मी होते का?"

ती कळशी कमरेवर घेऊन चालू लागली आणि जाता जाता म्हणाली, "मग ती माझी नाही. कुत्र्याला घाल."

कुत्र्यानंसुद्धा खाल्ली नाही. मी ती परत मास्तरांकडे नेली. त्यांनी खिडकीत ठेवली. मुंग्या लागल्या. मास्तर तीन दिवस शाळेतनं आले की खिडकीपाशी बसून मुंग्या मोजायचे, आणि मोजून व्हायच्या आत त्या हलायच्या, की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी गोळी नव्हती. मास्तर म्हणाले, ह्यांच्यात कुणाला काढलं नाही आणि कुणी ताळाही केला नाही, तरी संपली. ह्याचं काय करायचं, असं त्यांनी मलाच विचारलं.

शालू आमच्याशी बोलेना. खरं म्हणजे माझ्याशीच बोलेना. बाकीच्यांशी बोलायची, आणि मी आलो की थांबायची. तिच्याशिवाय टोळी बेचव झाली. मी मास्तरांना विचारलं, ती परत येईल असं काय करू? तर उत्तर ठरलेलं. "मोज."

मी रागारागात पुन्हा चिंचोके काढले. पाचच जण पाहिजेत, मग दोन उरणारच, त्याला इलाज नाही. पण त्या दोन खाल्ल्या नाहीत, मुंग्यांना घातल्या नाहीत, डब्यात ठेवल्या तर? पुढच्या शनिवारी आणखी दोन. चार. त्याच्या पुढच्या शनिवारी सहा. सहा म्हणजे पाचापेक्षा जास्त. म्हणजे त्यात एक फेरी लपलेली आहे. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून चिंचोके मागून आणले, एका रांगेत सतरा अशा पाच रांगा मांडल्या, पाच शनिवारच्या. सतरा पंचे पंच्याऐंशी. आणि मग त्या आडव्या न बघता उभ्या बघितल्या. उभ्या सतरा रांगा, प्रत्येकीत पाच. म्हणजे सतरा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत पाचांना एकेक. काही उरत नाही. पाच जण पाच शनिवार टिकले तर प्रत्येकाला सतरा, जशी काही प्रत्येकाला एकेक अख्खी पुडी मिळाली.

मी सगळे चिंचोके परकराएवढ्या फडक्यात बांधून शालूच्या ओट्यावर नेले आणि न बोलता मांडले. ती आधी बघेना. मग एका डोळ्यानं बघायला लागली. मग उठून आली आणि स्वतः मोजले, आडवे आणि उभे.

"एक जण कमी असला तर?" तिनं विचारलं.

म्हटलं, मग हे जमत नाही. पाचच पाहिजेत.

तिनं विचार केला. तिच्या अटी निघाल्या. वाटणार ती. उरलेल्यांचा डबा तिच्या घरी. आणि वाटणाऱ्यानं स्वतः शेवटी घ्यायची. मी सगळ्याला हो म्हटलं. पुढे सव्वीस वर्षांनी ब्लॉकची चावी हातात आली तेव्हाही हिनं अशाच अटी घातल्या होत्या, आणि तेव्हाही मी हो म्हटलं.

पहिल्या शनिवारी तीन तीन, डब्यात दोन. दुसऱ्या शनिवारी तीन तीन, डब्यात चार. तिसऱ्या शनिवारी डब्यात सहा झाल्या आणि जयंती, जो कधी बोलत नसे, तो बोलला, "एक फेरो थाय छे." एक फेरी केली, डब्यात एक राहिली. गण्यानं तिचं चुंबन घेऊन तिला परत ठेवलं, त्यावर शालूनं त्याला धपाटा घातला. चौथ्या शनिवारी तीन तीन, डब्यात एक आणि दोन, तीन.

मास्तर आता उरलेलं परत मागत नसत, दर शनिवारी फक्त विचारायचे, उरलं किती. मी सांगायचो, आणि आता सांगताना मान खाली जात नसे. चाचणीत त्यांनी एकेचाळीसला सहा घातलं. सहा सक छत्तीस, उरले पाच. मी पाच ठसठशीत लिहिले.

पाचव्या शनिवारी शालू आली नाही. तिला गोवर आला होता. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला होता. तिच्या आईनं डबा बाहेर आणून दिला आणि आत यायचं नाही म्हणून बजावलं. वाटायचं माझ्यावर आलं. डब्यात तीन, पुडीत सतरा, मिळून वीस.

बाळ्या बघत होता. तो म्हणाला, "आपण चौघं. पाच चोक वीस. एकपण उरत नाही यार."

आणि खरंच उरत नव्हतं. पाचांत चार चार दिल्या तरी उरत नव्हतं, चौघांत पाच पाच दिल्या तरी उरत नव्हतं. दोन्ही ताळे बरोबर. आकडा कुणाचीच बाजू घेईना. इतके आठवडे मी ज्या शून्यासाठी तडफडलो ते शून्य दोन दारांतून आलं होतं आणि मला एका दारानं जायचं होतं. गण्या म्हणाला, तिला तोंड आलंय, खाता पण येणार नाही.

मी चार फेऱ्या केल्या. प्रत्येकाच्या पुढ्यात चार चार. कागदावर चार. मग कुणी काही बोलायच्या आत मी त्यातली एक उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. नारिंगी होती. बाळ्याचा हात कागदाकडे आला.

कागदावर तीन दिसत होत्या. मला एकदम कळलं की ही बाकी नव्हे. बाकी म्हणजे जिला कुणी धनी नाही ती. ह्यांना धनी होता, फक्त तापानं पडला होता. मी बाळ्याच्या हातावर चापटी मारली, कागद उचलला आणि पळालो. नळाखाली गोळी थुंकली, धुतली, सदऱ्याला पुसली आणि बाकीच्या तिघींत घातली.

मास्तर खिडकीत उभे होते. कधीपासून ते मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, उरलं काही?

"नाही."

"प्रत्येकाला किती?"

"चार. शालूला पण चार. तिच्याच घेऊन चाललोय."

ते माझ्या ओल्या सदऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी आकडा विचारला. वजन विचारलेलं नाही. जा."

शालूची खिडकी अर्धी उघडी होती. मी कागद गजांतून आत सरकवला. तिचा चेहरा पुरळानं लाल, डोळे सुजलेले. तिनं बोटानं मोजल्या. चार. मग तुझ्या किती, बाळ्याच्या किती, गण्याच्या, जयंतीच्या, सगळ्यांच्या विचारल्या. सगळ्यांच्या चार सांगितल्या तेव्हा तिनं मान हलवली आणि कागदातली नारिंगी उचलून उजेडात धरली.

"ही एक बारीक कशी?"

मी म्हटलं, दुकानदाराकडनंच तशी आली.

तिनं तीच आधी तोंडात टाकली.

आमच्या लग्नाला मास्तर आले होते, स्टेशनपासून मांडवापर्यंत पावलं मोजत. वाटेत बँडवाल्यांनी दोनदा मोज चुकवली, म्हणून मुहूर्त टळून गेल्यावर पोचले. हिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पुढच्या वर्षी ते गेले. हिनं मला आयुष्यभर ऐकवलं की तू मला काढून टाकलं होतंस. सुनेपुढे ऐकवलं, व्याह्यांपुढे ऐकवलं. मी ऐकून घेत आलो, कारण ते खरंच होतं. त्या धुतलेल्या गोळीचं मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसरं प्रकरण सुरू झालं असतं. आता वाटतं, झालं असतं तर बरं होतं.